लिखेचं कॅलेंडर आणि नववा दिवस

डोक्याला उवांचं औषध लावून झालं, न्हाऊन झालं, फणीत मेलेल्या उवा आल्या आणि घरात सगळ्यांनी सुटकेचा श्वास सोडला. तेवढ्यात आई म्हणते, "पुढच्या आठवड्यात पुन्हा लावायचंय हं!" आणि तुम्ही वैतागून विचारता, "पण का? उवा तर मेल्या ना?"

प्रश्न अगदी रास्त आहे. गंमत म्हणजे त्याचं उत्तर उवेत नाही, तिच्या अंड्यात आहे. केसाला चिकटलेली, जेमतेम एक मिलिमीटरची ती लीखच ठरवते की औषध पुन्हा लावायचं का आणि कुठल्या दिवशी लावायचं. आज आपण तिचंच कॅलेंडर मांडून बघू या.

आधी ऊबाईंची थोडी ओळख करून घेऊ. मोठी ऊ असते तिळाएवढी. तिला सहा पाय असतात आणि प्रत्येक पायाच्या टोकाला एक आकडा, बरोबर केसाच्या जाडीचा. पंख नाहीत, उडी मारता येत नाही. ती फक्त चालते, पण केसांवरून इतकी भराभर चालते की एका मिनिटात वीत-सव्वा वीत अंतर कापते. म्हणून मधल्या सुट्टीत दोन मैत्रिणी डोक्याला डोकं लावून एकाच पुस्तकात बघत बसल्या की हिला पलीकडच्या डोक्यावर जायला तेवढं पुरतं. डोकं घाणेरडं आहे की स्वच्छ, याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. तिला हवी असते डोक्याची ऊब आणि दिवसातून चार-पाच वेळा प्यायला थोडं रक्त. डोक्यावरून खाली पडली तर एक-दोन दिवसांत ती मरते. तेव्हा ज्याच्या डोक्यात उवा झाल्या त्याला चिडवणं हे शुद्ध अज्ञान आहे, हे मला इथेच ठणकावून सांगायचंय.

मादी ऊ जवळपास महिनाभर जगते आणि रोज सहा-आठ अंडी घालते. प्रत्येक अंडं ती केसाच्या मुळाजवळ, टाळूला अगदी लागून चिकटवते, कारण अंड्यालाही ऊब लागते. त्यासाठी तिच्या शरीरातून एक चीक निघतो. तो केसाभोवती नळीसारखा बसतो आणि घट्ट होतो. साध्या शांपूनं तो सुटत नाही, म्हणून लीख बोटांच्या नखांनी ओढून काढावी लागते. अंड्याच्या टोकाला एक झाकण असतं आणि त्या झाकणाला हवा आत जाण्यापुरती बारीक भोकं असतात. आत पिल्लू तयार व्हायला साधारण सात ते नऊ दिवस लागतात, क्वचित दहा. वेळ झाली की पिल्लू हवा गिळतं, त्या हवेच्या दाबानं झाकण उघडतं आणि स्वारी बाहेर! मग ते तीनदा कात टाकतं आणि नऊ ते बारा दिवसांत मोठं होतं. त्यानंतर एक-दोन दिवसांतच मादी नवी अंडी घालू लागते.

हे आकडे लक्षात ठेवा. आपल्याला ते लागणार आहेत.

आता औषधांकडे येऊ. त्यातलं पहिलं पर्मेथ्रिन. याची गोष्ट एका फुलापासून सुरू होते. शेवंतीच्याच कुळातलं पांढऱ्या पाकळ्यांचं एक फूल आहे, पायरेथ्रम नावाचं. त्याची वाळवलेली पूड किड्यांना मारते हे लोकांना पूर्वीपासून माहीत होतं, पण उन्हात तिचा प्रभाव लगेच उतरतो. इंग्लंडमधल्या रॉथमस्टेड संशोधन केंद्रात मायकल एलियट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या फुलातल्या द्रव्यासारखंच, पण उन्हात टिकणारं द्रव्य प्रयोगशाळेत तयार केलं. 1973 साली जगाला कळलेलं तेच हे पर्मेथ्रिन.

ते उवेच्या नसांवर हल्ला करतं. नसांमधून निरोप जातो तेव्हा नसेच्या भिंतीतली सूक्ष्म दारं क्षणभर उघडतात आणि मिटतात. पर्मेथ्रिन ती दारं मिटूच देत नाही. निरोपामागून निरोप धावत राहतात, उवेचे पाय थरथरतात, मग लुळे पडतात आणि ती मरते. आपल्या त्वचेतून हे द्रव्य फारच थोडं आत जातं आणि शरीर ते पटकन मोडून टाकतं, म्हणून माणसाच्या डोक्याला ते चालतं. मांजराला मात्र ते मोडता येत नाही. घरात मनीमाऊ असेल तर बाटली आणि ओले केस दोन्ही तिच्यापासून लांब ठेवा.

उवांसाठी लागतं ते 1 टक्क्याचं पर्मेथ्रिन. 5 टक्क्यांचं क्रीमही मिळतं, पण ते खरजेसाठी असतं. तेव्हा दुकानात टक्का वाचूनच बाटली घ्यायला मोठ्यांना सांगा. लावायची रीत अशी: आधी साध्या शांपूनं केस धुवायचे. कंडिशनर अजिबात नको, कारण त्याचा थर केसांवर बसला तर औषध केसाला नीट धरत नाही. मग टॉवेलनं केस पुसायचे, पाणी टिपकायला नको, पण केस दमट हवेत. पाणी राहिलं तर औषध पातळ होतं. टाळूपासून टोकापर्यंत, कानांच्या मागं आणि मानेवर विशेष लक्ष देऊन औषध लावायचं आणि घड्याळ लावून 10 मिनिटं थांबायचं. मग साध्या पाण्यानं धुऊन टाकायचं. अर्धा तास ठेवलं म्हणून ते तिप्पट काम करत नाही, उलट टाळूची आग होऊ शकते. धुतल्यावरही औषधाचा अंश केसांवर राहतो आणि पुढे फुटणाऱ्या पिल्लांना तो त्रास देतो, म्हणून पुढचे एक-दोन दिवस शांपू करायचा नाही.

मग एवढं सगळं करूनही अंडी वाचतात कशी? इथे खरी गंमत आहे. पर्मेथ्रिनचा मारा नसांवर असतो. आणि अंड्यातल्या पिल्लाला पहिले सुमारे चार दिवस मज्जासंस्थाच नसते! जी गोष्ट अजून तयारच झाली नाही तिच्यावर औषध काय करणार? त्यात अंड्याचं टणक कवच आहेच. त्यामुळे बरीचशी अंडी औषधातून सहीसलामत बाहेर येतात.

दुसरं औषध अगदी वेगळ्या जातीचं आहे. त्याचं नाव डायमेटिकोन. हे एक सिलिकोन तेल. शांपू-कंडिशनरमध्ये केस मऊ व्हावेत म्हणून घालतात, पोटातल्या गॅसवरच्या गोळ्यांतही त्याचाच भाऊबंद असतो. हे विष नाही. उवेच्या नसांना ते हातही लावत नाही. मग ऊ मरते कशानं?

याचं उत्तर शोधताना इंग्लंडमधले कीटकशास्त्रज्ञ इयान बर्जेस यांच्या हाती फार सुंदर गोष्ट लागली. उवेला नाक नसतं. तिच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना श्वासाची बारीक भोकं असतात, सगळी मिळून सात जोड्या. डायमेटिकोन अंगावर पसरलं की ते या भोकांत शिरून बसतं. आपल्याला वाटेल, मग ऊ गुदमरून मरत असणार. पण ऊ गुदमरायला भलतीच चिवट आहे. पाण्यात बुडवली तर ती भोकं मिटून तासन्‌तास निपचित पडते आणि बाहेर काढल्यावर पुन्हा चालू लागते. म्हणून तर डोक्यावरून आंघोळ करून उवा जात नाहीत. बर्जेस यांना दिसलं ते वेगळंच. ऊ रक्त पिते म्हणजे भरपूर पाणी पिते. तिला आपल्यासारखी लघवी होत नाही, तिची विष्ठा कोरडी असते. जास्तीचं पाणी ती वाफेच्या रूपानं श्वासाच्या त्याच भोकांतून बाहेर टाकते. भोकं तेलानं बुजली की पाणी आतच अडकतं, आतड्यावरचा ताण वाढत जातो आणि शेवटी आतडं फाटतं. 2009 साली बर्जेस यांनी हे प्रसिद्ध केलं.

हे औषध 8 तास का ठेवायचं, हे कोडं आता आपोआप सुटतं. डायमेटिकोन लावल्यावर उवा काही मिनिटांत हलायच्या थांबतात, पण हलायची थांबलेली ऊ म्हणजे मेलेली ऊ नव्हे. तिच्या पोटात पाणी साचून काम व्हायला वेळ लागतो. म्हणून 4 टक्क्यांचं साधं डायमेटिकोन लोशन कोरड्या केसांना लावून 8 तास, म्हणजे रात्रभर ठेवतात आणि सकाळी शांपूनं धुतात. केस कोरडेच हवेत, आणि खोबरेल तेल लावलेलं असेल तर आदल्या दिवशी ते धुऊन काढलेलं बरं. पसरायला जागा मिळाली तरच हे सिलिकोन तेल प्रत्येक उवेपर्यंत पोचतं. लांब, दाट केसांना ते सढळ हातानं लागतं. जी बट कोरडी राहिली, त्या बटेतली ऊ वाचली! काही नवी डायमेटिकोन औषधं 15 मिनिटांतच धुवायची असतात, कारण त्यांत आणखी काही मिसळलेलं असतं. तेव्हा वेळ नेहमी आपल्या हातातल्या बाटलीवरची पाळायची, शेजारच्या काकूंच्या बाटलीवरची नाही.

एक गोष्ट मात्र अगदी कान देऊन ऐका. डायमेटिकोनची बरीच औषधं पेट घेऊ शकतात. असं औषध केसांना असताना गॅसच्या शेगडीजवळ, चुलीजवळ, देवघरातल्या समईजवळ, उदबत्तीजवळ, वाढदिवसाच्या मेणबत्तीजवळ जायचं नाही. संध्याकाळी दिवा लावायचं काम त्या दिवशी दुसऱ्याला द्या. आणि कोणी म्हणालं की रॉकेल चोळा, तर स्पष्ट नाही म्हणा. रॉकेलनं टाळू भाजते, त्याचा वास छातीत जातो, आणि एका ठिणगीनं डोकं पेटू शकतं. शेतात फवारायचं कीटकनाशकही डोक्याला कधीच लावायचं नाही.

शांपूमध्येही डायमेटिकोन असतं, मग रोज शांपू करून उवा का मरत नाहीत? असं कोणी विचारलं तर त्याला शाबासकी द्या. शांपूत ते अगदी थोडं असतं आणि दोन मिनिटांत पाण्याबरोबर वाहून जातं.

आता चला, कॅलेंडर मांडू. समजा, पाचवीतली एक मुलगी आहे, खांद्याखाली येणाऱ्या दोन वेण्या घालणारी. शुक्रवारी संध्याकाळी आजीनं वेणी घालताना उवा पाहिल्या आणि सात वाजता आईनं पर्मेथ्रिन लावलं. हा शुक्रवार म्हणजे शून्य दिवस.

शनिवारी सकाळी सात वाजता, म्हणजे 12 तासांनी, आई बारीक दातांची फणी घेऊन बसते. पांढऱ्या कागदावर फणी झटकते. कागदावर उवा मेलेल्या आहेत किंवा एखादी मंदपणे पाय हलवतेय, तर औषधानं काम केलंय. मंद उवा फणीनं काढायच्या, पुन्हा औषध ओतायची घाई करायची नाही. पण एकही ऊ मेलेली नाही आणि सगळ्या कालच्याच तोऱ्यात पळताहेत, तर? तर या उवांवर पर्मेथ्रिन चालत नाही. जगात अनेक ठिकाणी अशा उवा आहेत. त्यांच्या नसांतल्या त्या दारांची घडण किंचित बदललीय, त्यामुळे औषधाला तिथे पकड मिळत नाही. अशा वेळी तेच औषध दुप्पट लावणं व्यर्थ. डॉक्टर किंवा फार्मासिस्ट काकांना विचारून डायमेटिकोनकडे वळायचं. तिथे नसांचा संबंधच नाही, त्यामुळे ही युक्ती त्याच्यापुढे चालत नाही.

आपल्या मुलीच्या डोक्यातल्या उवा मेल्या आहेत असं धरू. आता उरल्या लिखा. त्यांतली सगळ्यात जुनी लीख शुक्रवारी आधीच आठ दिवसांची होती. ती शनिवारी फुटते. सगळ्यात नवी लीख औषध लावण्याच्या तासभर आधी घातलेली होती. ती फुटायला पुढचा शनिवार-रविवार उजाडतो, म्हणजे आठवा-नववा दिवस.

दुसऱ्यांदा औषध कधी लावायचं ते आता तुम्हीच सांगा. फार लवकर, समजा चौथ्या दिवशी लावलं, तर निम्म्या लिखा अजून फुटायच्याच आहेत. त्या वाचतील आणि नंतर फुटतील. फार उशिरा, समजा पंधराव्या दिवशी लावलं, तर? पहिल्या शनिवारी बाहेर आलेलं पिल्लू नऊ दिवसांत मोठं झालं तर दहाव्या दिवशी, म्हणजे सोमवारी, ती पूर्ण वाढलेली ऊ असेल आणि एक-दोन दिवसांत तिची अंडी पुन्हा केसांवर असतील. सगळी मेहनत वाया! म्हणजे जवळजवळ सगळी पिल्लं बाहेर आली आहेत, पण त्यांतलं एकही आई झालेलं नाही, असा दिवस हवा. तो आहे नववा दिवस. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही पर्मेथ्रिनसाठी हाच दिवस सुचवते. आणि शुक्रवारी सुरुवात केली तर नववा दिवस बरोबर रविवारी येतो, शाळेला सुट्टी असताना. मला तर हे फारच आवडलं.

डायमेटिकोनच्या बऱ्याच बाटल्यांवर दुसरी वेळ 7 दिवसांनी लिहिलेली असते, काहींवर 8 ते 10 दिवसांनी. बाटलीवरचंच पाळायचं. पण 7 दिवसांनी लावलं तर उशिरा फुटणारी एखादी लीख मागे राहू शकते हे तुम्हाला आता कळतंय. म्हणून त्यानंतर तीन-चार दिवसांनी फणी फिरवून बघणं फार गरजेचं आहे. फणी हेही एक औषधच समजा आणि ते फार जुनं आहे. इस्राएलमधल्या लाखीश इथं हस्तिदंताची सुमारे 3700 वर्षांपूर्वीची एक छोटी फणी सापडली. तिच्यावर कोरलेली बारीक अक्षरं 2022 साली वाचून प्रसिद्ध झाली. त्या ओळीत काय मागणं असावं? या फणीनं केसांतल्या आणि दाढीतल्या उवा निघून जाव्यात!

आपण बोलतोय ती दोन्ही औषधं प्रत्येक वेळी शंभर टक्के यश देत नाहीत. बर्जेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत रात्रभराचं डायमेटिकोन एका आठवड्याच्या अंतरानं दोनदा लावल्यावर दहापैकी सुमारे सात जणांच्या उवा गेल्या. तीन जणांच्या राहिल्या किंवा नीट गेल्या नाहीत. म्हणून आपल्या गोष्टीतल्या आईचं काम रविवारी संपत नाही. शिवाय घरातली बाकीची डोकीही त्याच शुक्रवारी तपासायची असतात, आजीचं आणि बाबांचंसुद्धा. ज्यांच्या डोक्यात जिवंत ऊ दिसेल त्यांना त्याच दिवशी औषध लावायचं, ज्यांच्या डोक्यात नाही त्यांना उगाच नाही. उशांचे अभ्रे आणि टॉवेल गरम पाण्यात धुतले की झालं, घरभर फवारे मारायची गरज नाही. दोन महिन्यांहून लहान बाळाला पर्मेथ्रिन आणि सहा महिन्यांहून लहान बाळाला डायमेटिकोन डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये. आणि औषध लावायचं काम मोठ्यांचंच. तुमचं काम डोळ्यांवर घडी केलेला रुमाल घट्ट धरून बसायचं, कारण हे डोळ्यांत गेलं तर चुरचुरतं.

यानंतर पुष्कळ घरांत दोन गोष्टींवरून घाबरगुंडी उडते. पहिली म्हणजे खाज. औषधानंतरही डोकं खाजतंय, म्हणजे उवा आहेतच, असं वाटतं. पण खाज ऊ चालल्यानं सुटत नाही. तिच्या लाळेवर आपल्या त्वचेला येणारी ती प्रतिक्रिया असते आणि उवा गेल्यावरही काही दिवस टिकते. उलट आयुष्यात पहिल्यांदाच उवा झाल्या असतील तर खाज सुटायला चार-सहा आठवडेसुद्धा लागतात, तोवर उवा गुपचूप नांदत असतात. म्हणून खाजेवर विश्वास ठेवायचा नाही, फणीवर ठेवायचा.

दुसरी गोष्ट म्हणजे केसांवर दिसणाऱ्या पांढऱ्या लिखा. यांच्यामुळे कितीतरी मुलांच्या डोक्याला विनाकारण तिसऱ्यांदा, चौथ्यांदा औषध चोपडलं जातं. जिवंत लीख तपकिरी, केसांच्या रंगात लपणारी आणि बहुधा टाळूला लागून असते. पांढरी चकचकीत दिसतात ती रिकामी टरफलं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो आणि टरफल त्याच्याबरोबर वर वर जातं. पट्टी घेऊन मोजा. टाळूपासून तीन सेंटिमीटरवर पांढरं टरफल असेल तर ते अंडं साधारण तीन महिन्यांपूर्वी घातलेलं आहे. त्यातून बाहेर आलेली ऊ केव्हाच मरून गेली!

शेवटची तपासणी दुसऱ्या औषधानंतर आठवड्यानं, म्हणजे आपल्या गोष्टीत सोळाव्या दिवशी, पुन्हा रविवारी. ओल्या केसांना कंडिशनर लावून, केसांचे भाग पाडून, मुळापासून टोकापर्यंत फणी ओढायची आणि दर वेळी पांढऱ्या कागदावर पुसायची. काही नाही निघालं तर काम झालं. जिवंत ऊ निघाली तर तिला लगेच चिरडू नका, आधी तिचा आकार बघा. ती बारीकशी असेल तर एखादी उशिरा फुटणारी लीख हातातून सुटली होती, आणखी एकदा औषध लावून ती संपेल. पण ती तिळाएवढी, पूर्ण वाढलेली असेल, तर ती नवव्या दिवसानंतर जन्मलेली असूच शकत नाही, कारण सात दिवसांत ऊ एवढी मोठी होत नाही. म्हणजे ती एक तर औषधातून जिवंत राहिली आहे किंवा दुसऱ्या कोणाच्या डोक्यावरून नव्यानं चालत आली आहे. पहिली शक्यता असेल तर औषध बदलायचं. दुसरी असेल तर घरातली सगळी डोकी पुन्हा तपासायची, आणि शाळेतल्या शेजारच्या बाकावरच्या मैत्रिणीच्या आईलाही फोन करून सांगायचं.